मुक्कामी गाडी बंद झाली आणि पहिली तासिका बुडू लागली : बारावीच्या एका 'संपादकास पत्रा'चा अभ्यास

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. बारावीच्या सराव परीक्षेत मी हा प्रश्न दिला होता : 'तुमच्या गावाहून तालुक्याच्या ठिकाणी जाणारी एसटी बस अनियमित असल्याने विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत. याकडे लक्ष वेधणारे पत्र एका दैनिकाच्या संपादकांना लिहा.' विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातला. तरीही जवळपास सगळ्या उत्तरपत्रिकांत एकच पत्र होतं, आणि ते कुठल्याही जिल्ह्यातल्या कुठल्याही मुलाने लिहिलेलं असावं असं वाटत होतं.

त्यातलं एका विद्यार्थिनीचं पत्र मी अभ्यासासाठी घेतो. मुलगी हुशार आहे, तिचं शुद्धलेखन चांगलं आहे आणि ती स्वतः रोज अठरा किलोमीटरवरून एसटीने येते. तिने लिहिलेला मसुदा असा :

प्रति,
मा. संपादक साहेब,
विषय : बसबाबत.
महोदय,
सा. न. वि. वि.
आजच्या धावपळीच्या युगात सार्वजनिक वाहतुकीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. एसटी ही ग्रामीण भागाची जीवनवाहिनी आहे. परंतु आज या जीवनवाहिनीची दयनीय अवस्था झाली आहे. बसगाड्या वेळेवर येत नाहीत. गाड्या मोडक्या आहेत, खिडक्यांना काचा नाहीत, बसस्थानकावर पिण्याचे पाणी नाही. रस्त्यांची चाळण झाली आहे. चालक व वाहक उद्धटपणे बोलतात. एका सर्वेक्षणानुसार सत्तर टक्के बस उशिरा येतात. त्यामुळे विद्यार्थी, महिला, वृद्ध, रुग्ण अशा सर्वांचेच अतोनात हाल होतात. तरी आपण आमच्या गावाला वेळेवर बस सोडावी व दोषींवर कठोर कारवाई करावी, ही नम्र विनंती.
आपली आज्ञाधारक,
अ. ब. क.

वरवर पाहता यात वावगं काही दिसत नाही. भाषा स्वच्छ आहे, आराखडा बराचसा आहे. पण तपासणाऱ्याच्या हातात या पत्रातून काहीच लागत नाही. कोणती बस, किती वाजताची, कधीपासून बिघडली, तिच्या उशिराने नेमकं काय बुडतं, यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर यात नाही.

आराखड्यातल्या चुका आधी उरकतो, कारण त्या एका बैठकीत सुधारतात. दिनांक नाही. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार, तो घरातल्या वडीलधाऱ्यांना. संपादकांना लिहायचंच असेल तर 'स. न. वि. वि.' पुरे, आणि नुसतं 'महोदय' लिहिलं तरी चालतं. 'आज्ञाधारक' हे प्राचार्यांना लिहिताना शोभतं, संपादकांना 'आपली विश्वासू'. विषयाची ओळ 'बसबाबत' एवढीच असेल तर ती असून नसल्यासारखी आहे. स्वतःचं खरं नाव, गाव किंवा महाविद्यालय परीक्षेत लिहायचं नाही. प्रश्नात नाव दिलं असेल तर ते, नाहीतर 'अ. ब. क.'. हे मात्र तिने बरोबर केलं होतं.

खरी अडचण पुढची आहे. पत्राच्या शेवटी ती संपादकांना सांगते, 'आपण आमच्या गावाला वेळेवर बस सोडावी.' संपादक बस सोडत नाहीत. संपादकांकडे आपण मागतो ती फक्त जागा, वर्तमानपत्रातली चार बोटं जागा. त्या जागेत जे छापून येतं ते गावचे लोक वाचतात, सरपंच वाचतात, आणि आगारात कुणीतरी वाचून साहेबांच्या टेबलावर ठेवतं. म्हणजे पत्राच्या डोक्यावर नाव संपादकांचं असलं, तरी मजकूर या वाचकांसाठी लिहायचा असतो आणि मागणी त्यांच्यापैकी जो ती पुरी करू शकतो त्याच्याकडे करायची असते. विनंतीपत्र आणि संपादकास पत्र यांत एवढाच फरक आहे. तो एकदा लक्षात आला की पत्राचा अर्धा मजकूर आपोआप बदलतो.

दुसरी अडचण तक्रारींच्या गर्दीची. काचा, पाणी, रस्ते, चालक, वाहक, उशीर असं सगळं एकाच पत्रात कोंबलं आहे. रस्त्याचा प्रश्न बांधकाम खात्याचा, पाण्याचा प्रश्न बसस्थानकाचा, उशिराचा प्रश्न वेळापत्रकाचा. सहा तक्रारी सहा दिशांना पळतात आणि एकीलाही पुरेसं वाक्य मिळत नाही. शिवाय 'एका सर्वेक्षणानुसार सत्तर टक्के' हा आकडा तिने बसल्या जागी तयार केलेला. तपासणाऱ्याला तो लगेच कळतो, कारण खेड्यातल्या एका फेरीचं सर्वेक्षण कुणी करत नाही. परीक्षेच्या पत्रात प्रसंग कल्पनेने उभा करायला मुभा असते, पण आकडा असा हवा की जो लिहिणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू शकतो : फलकावर लिहिलेली वेळ, गाडी खरोखर आली ती वेळ, तासिकेची वेळ, अंतर, जीपचं भाडं.

चालक-वाहकांवरचा आरोप मी तिला काढायला सांगितला, तोही केवळ सभ्यतेसाठी नाही. तो खरा असला तरी गाडीच्या उशिराचं कारण तो नाही. तिला मी विचारलं, "कंडक्टर काका वाईट बोलतात का गं?" ती म्हणाली, "नाही सर. ते तर आम्हाला पळत येताना पाहून गाडी थांबवतात. गाडीच उशिरा सुटते तिकडून." मग विचारलं, गाडी आधीही उशिरा यायची का? तेव्हा खरी माहिती बाहेर आली. "आधी गाडी मुक्कामीच असायची ना सर. रात्री यायची, सकाळी आम्हाला घेऊन जायची. दिवाळीपासून मुक्काम बंद झाला."

एसटीची रचना माहीत असलेल्या माणसाला या एका वाक्यात सगळा प्रश्न दिसतो. मुक्कामी गाडी रात्रीची शेवटची फेरी करून गावातच थांबते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि सकाळची पहिली फेरी गावातून निघते. त्यामुळे ती वेळेवर निघते. आगारात काय चाललंय याचा तिच्यावर परिणाम होत नाही. मुक्काम बंद झाला की तीच गाडी पहाटे आगारातून निघून गावात यावी लागते. आगारात एखादी गाडी सकाळी सुरू झाली नाही, एखादा चालक रजेवर गेला, की गाड्यांची अदलाबदल होते आणि कमी प्रवाशांची फेरी आधी मागे पडते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना गाड्या जातात, लग्नसराईत प्रासंगिक कराराने जातात, आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात. या काळात खेड्यातल्या फेऱ्यांना हमखास कात्री लागते. आगाराकडे कारण विचारलं तर बहुधा 'भारमान कमी आहे', म्हणजे प्रवासी पुरेसे नाहीत, असं उत्तर येतं. मुक्काम बंद होण्यामागे आणखी एक साधं कारण असतं : गावात चालक-वाहकांना झोपायला धड खोली नाही, शौचालय नाही. ती सोय ग्रामपंचायत करू शकते.

हे सगळं पत्रात लिहायचं नाही. पण हे ठाऊक असलं की मागणी कुणाकडे आणि काय करायची हे ठरतं. मसुद्यात 'दोषींवर कठोर कारवाई' होती; ती मागणी कुणाकडे जाते हे वाचणाऱ्याला कळत नाही. काही मुलं थेट परिवहन मंत्र्यांना साकडं घालतात. एका गावच्या सकाळच्या फेरीचा निर्णय आगार व्यवस्थापकांच्या हातात असतो. त्यांनी दाद दिली नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी विभाग नियंत्रक असतात. बसस्थानकावरचा वाहतूक नियंत्रक गाड्यांच्या नोंदी ठेवतो, फेरी सुरू करत नाही. पत्रात एक योग्य पद लिहिलं की लिहिणाऱ्याला विषय कळला आहे हे तपासणाऱ्याला दिसतं.

नंतर मी तिला पत्र लिहायला न लावता चार गोष्टी वहीत टिपायला सांगितल्या. फलकावर गाडीची वेळ साडेसहाची. मुक्काम बंद झाल्यावर ती कधी सव्वासातला येते, आठवड्यातून एक-दोनदा येतच नाही. तालुक्यापर्यंत चाळीस मिनिटं लागतात आणि पहिली तासिका साडेसातला सुरू होते. गाडी आली नाही की तीन किलोमीटर चालत फाट्यावर जाऊन काळीपिवळी जीप धरायची, तिचे तीस रुपये. एवढ्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, पासचं लिहू का?" एसटीत बारावीपर्यंतच्या मुलींना शिक्षणासाठी पास मोफत आहे, मुलांना फक्त एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. गाडी आली नाही की हा पास पर्समध्ये राहतो आणि जीपचे पैसे घरून जातात. हे तिला स्वतःला सुचलं आणि तिच्या पत्रातलं सर्वात वजनदार वाक्य त्यातूनच आलं.

तिने नंतर लिहिलेलं पत्र हे :

दिनांक : १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. संपादक,
दैनिक क्ष

विषय : मुक्कामी बस बंद झाल्याने विद्यार्थ्यांच्या सकाळच्या तासिका बुडत असल्याबाबत.

महोदय,

आमच्या गावाहून तालुक्याला जाणारी सकाळी साडेसहाची एसटी बस दिवाळीपासून वेळेवर येत नाही. पूर्वी ही गाडी रात्री गावात मुक्कामी असे आणि सकाळी ठरल्या वेळी निघे. मुक्काम बंद झाल्यापासून ती आगारातून येते. कधी सव्वासातला पोहोचते, तर आठवड्यातून एक-दोनदा येतच नाही.

तालुका अठरा किलोमीटरवर आहे. प्रवासाला चाळीस मिनिटे लागतात आणि आमची पहिली तासिका साडेसातला सुरू होते. गाडीला पाऊण तास उशीर झाला की ती तासिका बुडते. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके याच वेळेत असतात. गाडी आलीच नाही, तर अंधारात तीन किलोमीटर चालत फाट्यावर जाऊन जीप धरावी लागते. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण गाडीच नसेल तर पास असूनही जीपचे तीस रुपये मोजावे लागतात. खच्चून भरलेल्या जीपमधून पाठवायला घरचे तयार नसतात, म्हणून काही मैत्रिणी त्या दिवशी घरीच राहतात. बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते.

आगार व्यवस्थापकांनी ही मुक्कामी गाडी पुन्हा सुरू करावी आणि चालक-वाहकांच्या निवासासाठी ग्रामपंचायतीने खोली उपलब्ध करून द्यावी, अशी आमची मागणी आहे. तोपर्यंत एखादी फेरी रद्द होणार असेल, तर आदल्या संध्याकाळी गावात कळवावे. फेब्रुवारीत आमची परीक्षा आहे. त्याआधी ही गाडी सुरळीत व्हावी.

हे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
अ. ब. क.
(विद्यार्थिनी प्रतिनिधी, बारावी विज्ञान)
मु. पो. क्ष

सगळा मजकूर डावीकडूनच सुरू होतो. उजव्या कोपऱ्यात पत्ता लिहिण्याची जुनी पद्धत आता शाळेतही मागे पडली आहे.

आता हे पत्र जरा जवळून पाहू. पहिल्याच वाक्यात गाव, गाडी, वेळ आणि बिघाड कधीपासून, हे चारही येतात. प्रस्तावना नाही. 'आजच्या धावपळीच्या युगात' लिहून जी तीन वाक्यं गेली होती, त्या जागेत आता 'मुक्कामी' या गाडीची सगळी हकिगत बसली. कारण सांगितलं आहे, पण दोष कुणाला दिलेला नाही. आगारात वाचणाऱ्या माणसाला हे पत्र वाचून राग येणार नाही, आणि उत्तर टाळायला वावही राहणार नाही.

दुसऱ्या परिच्छेदात वाक्यं लहान आहेत आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर उभं आहे. अंतर, मग वेळ, मग तासिका. वाचणारा मनात बेरीज करतो आणि गाडी सव्वासातला आली तर मुलं आठला पाच मिनिटं कमी असताना तालुक्यात उतरतात, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. 'अतोनात हाल होतात' हे शब्द कुठेच नाहीत. ते वाचकाच्या मनात आले पाहिजेत, कागदावर लिहून येत नाहीत. हजेरीचं वाक्य तिने आधी 'त्यामुळे आमचे भवितव्य अंधकारमय झाले आहे' असं संपवलं होतं. मी ते खोडलं. पंचाहत्तर टक्क्यांची अट लिहून थांबलं की पुढचा विचार वाचणारा स्वतः करतो.

मैत्रिणी घरी राहतात, हे वाक्य लिहावं की नाही याबद्दल ती घुटमळत होती. गावात कुणाला वाटेल की अमक्याची मुलगी. मी तिला म्हटलं, नाव नको, संख्या नको, फक्त 'काही मैत्रिणी'. मराठवाड्यातल्या खेड्यांत मुलीचं शिक्षण थांबतं ते बऱ्याचदा अशाच एखाद्या बंद झालेल्या फेरीपाशी, आणि हे पत्रात यायलाच हवं होतं.

मागण्या दोन आहेत, आणि दोन्ही होऊ शकणाऱ्या आहेत. पहिली महिना-दोन महिने लागणारी, दुसरी उद्यापासून करता येणारी. 'तोपर्यंत' हा दुवा त्यांना जोडतो. ग्रामपंचायतीकडे खोली मागितल्याने पत्राला वजन आलं, कारण लिहिणारी फक्त मागत नाही, अडथळा कुठे आहे हेही तिला दिसतं. मसुद्यातली 'कठोर कारवाई' गेली. एका गाडीसाठी कुणावर आणि कसली, हे तिलाही सांगता आलं नव्हतं.

शब्दमर्यादा कमी असेल तर यातून काय काढायचं, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. शंभर-सव्वाशे शब्दांतच पत्र मागितलं असेल तर प्रात्यक्षिकांचं वाक्य आणि 'फेब्रुवारीत' हे वाक्य जाऊ शकतं. 'पूर्वी ही गाडी' हे वाक्य 'मुक्काम बंद झाल्यापासून'मध्ये सामावतं. ग्रामपंचायतीचा भाग एखाद्या अर्ध्या वाक्यात येतो. गाडीची वेळ, उशीर, बुडणारी तासिका, पासचं वाक्य आणि पहिली मागणी ही पाच मात्र काढायची नाहीत. प्रश्नात मुद्दे दिले असतील, उदाहरणार्थ 'गर्दी' आणि 'गाड्यांची दुरवस्था', तर ते घ्यावेच लागतात. अशा वेळी त्यांना मुख्य तक्रारीच्या मागे एक-एक वाक्य द्यावं, त्यांची यादी करू नये.

सुट्टीत तिने हेच पत्र, अक्षरांच्या जागी खरं नाव आणि खरा पत्ता घालून, एका दैनिकाला पाठवलं. छापून आलं तेव्हा त्यातला आराखडा सगळा गेला होता, शेवटची 'प्रसिद्ध करावे' ही ओळ गेली होती आणि वर संपादकांनी स्वतःचं एक छोटं शीर्षक दिलं होतं. मधले तिन्ही परिच्छेद जवळपास जसेच्या तसे होते. ते कात्रण ती वर्गात घेऊन आली तेव्हा मी ते फळ्याशेजारी लावलं आणि बाकीच्या मुलांना आपापले मसुदे काढून त्यातलं संपादकांनी काय काय खोडलं असतं ते पेन्सिलने खुणा करायला सांगितलं. बहुतेकांच्या पत्रातले पहिले तीन-चार ओळींचे परिच्छेद पूर्ण खोडले गेले.

प्रश्नपत्रिकेत कधीकधी हाच प्रसंग देऊन पत्र मात्र आगार व्यवस्थापकांना लिहायला सांगतात, आणि घाईत मुलं तेही संपादकांनाच लिहून टाकतात. म्हणून 'प्रति' लिहिण्याआधी प्रश्नातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. पत्र आगार व्यवस्थापकांना असेल तर माहिती हीच राहते, पण 'आगार व्यवस्थापकांनी सुरू करावी'च्या जागी 'आपण सुरू करावी' येतं, ग्रामपंचायतीकडची मागणी 'ग्रामपंचायत खोली देण्यास तयार आहे' अशा माहितीत बदलते, प्रसिद्धीची ओळ जाते, आणि बसस्थानकावरच्या तक्रार पुस्तकात आधी नोंद केली असल्यास तिची तारीख दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी घालायची.